विजयदुर्गाचा पाडाव: प्राथमिक साधन कोणते, दुय्यम कोणते?

फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रज आरमाराने तुळाजी आंग्रे यांच्याकडून विजयदुर्ग घेतला. या आरमारासोबत असलेले शल्यवैद्य एडवर्ड आइव्ह्ज यांचा वृत्तान्त आणि 1880 चे रत्नागिरी गॅझेटियर प्रकल्पासाठी समोर असतील, तर पहिले प्राथमिक आणि दुसरे दुय्यम, असे विद्यार्थी लगेच लिहून मोकळे होतात.

लढाईपुरते ते बरोबर आहे. मात्र आइव्ह्ज यांचा वृत्तान्त 1773 मध्ये, म्हणजे सतरा वर्षांनी छापला गेला, आणि तो जहाजावरच्या इंग्रज माणसाचा असल्यामुळे तोफांचा मारा कसा दिसला हे सांगण्यास उपयुक्त असला, तरी पेशव्यांनी आंग्र्यांविरुद्ध इंग्रजांशी हातमिळवणी का केली, हे त्यातून नीट कळत नाही. गॅझेटियर जुनी साधने जुळवून क्रम लावते. त्यासाठी ते अधिक सोयीचे आहे.

प्रश्न बदलला, की वर्गही बदलतो. ‘इंग्रज प्रशासन आंग्र्यांकडे कसे पाहत होते?’ असे विचारल्यास तेच गॅझेटियर 1880 च्या सरकारी दृष्टीचे प्राथमिक साधन ठरते आणि त्यातील ‘चाचे’ हा शब्द चूक न राहता पुरावा होतो. (गुण बहुधा इथेच जातात.)