साडेचारशेवर संपणाऱ्या आलेखातली ६२ टक्के वाढ

पावसजवळच्या आमच्या बागेतल्या हापूसचे पैसे हाती आले, त्यातील १,२३,६०० रुपये मी जूनमध्ये रत्नागिरीतील एका स्वयंघोषित शेअर सल्लागाराच्या खात्यावर भरले. एका कंपनीचे ३०० शेअर ४१२ रुपये भावाने आपल्या खात्यातून घेतो आणि जी वाढ होईल तिचा पाचवा हिस्सा सल्ल्याचे म्हणून मी ठेवतो, असे त्याने सांगितले होते. अशी माणसे ओळखीतूनच येतात, हाही मेहुण्याच्या ओळखीतला होता. म्हणून मी विश्वास ठेवला आणि त्यात माझे फार चुकले असे मला आजही वाटत नाही. पैसे दुसऱ्याच्या खात्यावर भरले, ही मात्र चूकच.

सप्टेंबरमध्ये त्याने लॅपटॉपच्या पडद्यावरील भावाच्या रेषेचा, बाजूने काढलेला एक फोटो पाठवला आणि खाली लिहिले, "६२ टक्के वाढ." रेषा डावीकडे तळाला टेकलेली होती आणि उजवीकडे माथ्याला भिडलेली. ती चढण पाहून मला वाटले की हा माणूस कमीच सांगतो आहे. बायकोने फोन हातात घेऊन विचारले, "अहो, पण वरचा आकडा साडेचारशेच आहे ना?" मी तिला म्हटले, "त्यातले तुला काय कळते?" त्या रात्रीच मी त्याला ७६,६३२ रुपयांच्या तथाकथित नफ्याचा पाचवा हिस्सा म्हणून १५,३२६ रुपये पाठवले, आणि पुढच्या आठवड्यात आणखी १,००,००० रुपये. त्यानंतर फोन बंद. एकूण २,३८,९२६ रुपये.

तिच्या प्रश्नातच सगळे उत्तर होते. ४१२ चे ६२ टक्के म्हणजे सुमारे २५५. म्हणजे भाव ६६७ पर्यंत पोहोचायला हवा होता, आणि आलेखाची सर्वांत वरची आडवी रेघ ४५० ची होती. या हिशेबाला पट्टीही लागत नाही. टक्केवारी ऐकली की ती आधी रुपयांत बदला, सुरुवातीच्या भावात मिळवा आणि येणारा आकडा आलेखात बसतो का ते पाहा.

डोळा फसला तो तळामुळे. आलेखाचा तळ शून्यावर नव्हता, ४१० वर होता. मधल्या फक्त ४० रुपयांच्या पट्ट्याने सारा पडदा व्यापला होता, त्यामुळे रेषेची उंची वाढीच्या टक्क्यांबद्दल काहीच सांगत नव्हती. भावाच्या आलेखात तळ शून्यावर नसणे ही नेहमीची गोष्ट आहे, तेवढ्याने लबाडी ठरत नाही. म्हणूनच कडेचे आकडे वाचल्याशिवाय चढणीकडे पाहूच नये.

तक्रारीसाठी मी तो फोटो छापून घेतला आणि पट्टी लावली. पहिल्यांदा डावीकडच्या आकड्यांपासून पट्टी सरळ उजव्या टोकापर्यंत नेली, तेव्हा शेवटचा भाव ४४३ च्या जवळ आला आणि वाढ साडेसात टक्के निघाली. हेही चूक होते, कारण फोटो डाव्या बाजूने काढलेला असल्याने आडव्या रेघा उजवीकडे एकमेकींच्या जवळ येत गेल्या होत्या. मग प्रत्येक बिंदू त्याच्याच जागी मोजला. डावीकडे ४१० आणि ४२० च्या रेघांमध्ये २० मिलिमीटर अंतर होते आणि सुरुवातीचा बिंदू ४१० च्या ४ मिलिमीटर वर, म्हणजे ४१२. उजव्या टोकाला ४४० आणि ४५० मध्ये १५ मिलिमीटर होते आणि शेवटचा बिंदू ४४० च्या १२ मिलिमीटर वर, म्हणजे ४४८. फरक ३६ रुपये. त्याला सुरुवातीच्या ४१२ ने भागले की ८.७ टक्के. भागायचे ते सुरुवातीच्याच भावाने, शेवटच्या नव्हे. प्रत्येक मापात अर्धा मिलिमीटर चूक धरली तरी उत्तर फार तर ०.२५ टक्क्याने इकडेतिकडे होते. शेअर त्याने खरोखर घेतले असते, तरी ३०० शेअरवर नफा १०,८०० रुपये आणि त्याचा हिस्सा २,१६० रुपये इतकाच झाला असता.

हे सारे कागद घेऊन मी पोलीस ठाण्यात गेलो, तर "पैसे तुम्ही राजीखुशीने दिलेत, हा दिवाणी मामला आहे," म्हणून मला परत पाठवले. बँकेने सांगितले की व्यवहार तुमच्याच पिनने झाला आहे. एका कार्यालयाने कळवले की तो नोंदणीकृत सल्लागारच नाही, त्यामुळे त्याच्याविरुद्धची तक्रार आमच्याकडे येत नाही. म्हणजे ज्याने नोंदणीचाही नियम मोडला, त्याच्यावर नोंदणी नसल्यामुळेच कारवाई नाही! चार महिन्यांत मी गावातून अकरा वेळा एसटीने रत्नागिरीला गेलो आणि प्रत्येक खिडकीवर पुढच्या खिडकीचा पत्ता मिळाला. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या १९३० या क्रमांकावर मी फोन केला तोही बाराव्या दिवशी, कारण तो क्रमांक मला कोणी सांगितलाच नाही. तुम्ही पैसे गेल्याचे कळताच, त्याच तासाला करा. आणि सल्लागाराचे नाव शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या यादीत आहे का, हे पैसे देण्याआधी पाहा.

अखेर गेल्या आठवड्यात अर्ज दाखल करून घेतला. पट्टीच्या खुणा केलेला फोटो मात्र "मूळ पुरावा नाही" म्हणून परत दिला. मूळ फोटो फोनमध्ये आहे आणि फोन जमा करण्यासाठी मला सोमवारी पुन्हा बोलावले आहे.