हप्ता २२,३३१च राहिला आणि कर्ज सहा वर्षांनी लांबलं: फ्लोटिंग होम लोनचा साडेतीन वर्षांचा अनुभव

फोंड्याला फ्लॅट घेतला तेव्हा २५ लाखांचं लोन काढलं, फ्लोटिंग रेट, रेपोला जोडलेलं, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना पैसे देते तो बदलला की माझा दरही बदलतो. मुदत १५ वर्षं, दर ६.९०, हप्ता २२,३३१ रुपये, पहिला हप्ता जानेवारी २०२२. बँकेचं नाव लिहीत नाही कारण हे एकाच बँकेत होतं असं नाही, लॅबमधल्या दोघातिघांचंही तसंच झालंय आणि त्यांच्या बँका वेगवेगळ्या आहेत.

१५ वर्षं मी मुद्दाम घेतली होती. बँकवाले २० घ्या म्हणत होते, हप्ता हलका पडेल म्हणून, पण मी कुंडईला फार्मा कंपनीत आहे, अठ्ठावन्नला रिटायर, आणि डिसेंबर २०३६ला मी बरोबर अठ्ठावन्नची होणार. शेवटचा पगार आणि शेवटचा हप्ता एकत्र, हा सगळा हिशोब करूनच सही केली होती.

मग मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेनं रेपो वाढवायला सुरुवात केली. ४ टक्के होता तो फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५० झाला, म्हणजे नऊ-दहा महिन्यांत अडीच टक्के. माझा व्याजदर दर तीन महिन्यांनी रीसेट होतो, म्हणजे नव्यानं ठरतो, जुलैला ७.८०, ऑक्टोबरला ८.८०, जानेवारीला ९.१५ आणि एप्रिल २०२३ ला ९.४०. प्रत्येक वेळी एसएमएस यायचा की तुमच्या कर्जाचा व्याजदर बदलला आहे, नवीन दर अमुक. मी वाचायचे, महिन्याच्या ५ तारखेला बघायचे तर कापले गेले २२,३३१च. मला खरंच वाटलं की वाढ पुढे कधीतरी लागू होईल, किंवा आपलं १५ वर्षांचं आहे म्हणून आपल्याला फार फरक पडत नसेल. एसएमएसमध्ये मुदतीबद्दल एक अक्षर नव्हतं.

कळलं ते मार्च २०२४ मध्ये. ऑफिसात टॅक्ससाठी लोनचं व्याजाचं सर्टिफिकेट मागतात ना, ते ॲपवरून डाउनलोड केलं. वर्षभरात भरले २,६७,९७२, त्यातलं व्याज २,२४,४०८ आणि मुद्दल ४३,५६४. मला आकडा चुकलाय असं वाटलं. लोन घेताना जो हप्त्यांचा तक्ता दिलेला तो कपाटातून काढला, त्यात त्याच बारा महिन्यांत मुद्दल १,०७,४०३ फिटायला हवं होतं. निम्म्याहूनही कमी फिटलेलं. मग ॲपमध्ये लोन डिटेल्समध्ये गेले, तिथं खाली एक ओळ होती Balance Tenure: 227. मी २७ हप्ते भरले होते, म्हणजे १८० तून १५३ उरायला हवेत. २२७ कुठून आले? ७४ हप्ते जास्त. मी बोटावर मोजलं, डिसेंबर २०३६ नाही, फेब्रुवारी २०४३. मी चौसष्ट वर्षांची. त्या रात्री झोप नाही लागली, नवऱ्याला उठवून दाखवलं, तो म्हणाला अगो बँकेची चूक असेल, उद्या विचार.

चूक नव्हती. नंतर मी स्वतः एक्सेलमध्ये घातलं आणि जुळलं, तुम्हीही करून बघा, दर, हप्ता आणि आजची बाकी एवढंच लागतं:

```
=NPER(9.4%/12,-22331,2363340)
```

उत्तर २२६.३५ येतं, म्हणजे २२७ वा हप्ता अर्धवट. आकडा ॲपशी जुळला की समजायचं मुदत खरोखरच लांबवलेली आहे.

अडीच टक्क्यांनी सहा वर्षं कशी काय वाढतात हे मला आधी पचतच नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पहिल्या हप्त्यात २२,३३१ मधले १४,३७५ व्याजाचे होते आणि ७,९५६ मुद्दलाचे. एप्रिल २०२३ ला दर ९.४० झाला तेव्हा बाकी होती २४,०६,९०४, त्यावर एका महिन्याचं व्याजच १८,८५४. हप्ता तेवढाच, मग मुद्दलाला उरले ३,४७७. व्याज आधी कापून घेतलं जातं आणि उरलेलंच मुद्दलात जातं, म्हणून दराची सगळी वाढ त्या ७,९५६ मधूनच खाल्ली गेली. दर साधारण एक तृतीयांशानं वाढला पण मुद्दल फिटण्याचा वेग अर्ध्याहून खाली आला, आणि मुदत ठरते ती या वेगावर. लोन नवीन असताना दर वाढला तर म्हणूनच जास्त लागतं, शेवटच्या चार-पाच वर्षांत वाढला असता तर तेव्हा हप्त्यात व्याज थोडंच असतं, चार-पाच हप्ते वाढले असते फार तर.

लॅबमधल्या एकाचं तर याहून वाईट. ३० लाख, २० वर्षं, ६.७० नं घेतलेलं, हप्ता २२,७२२. त्याचा दर ९.२० झाला तेव्हा महिन्याचं व्याज २२,५७७, म्हणजे मुद्दलाला दीडशे रुपयेसुद्धा नाहीत. हप्ता तोच ठेवला असता तर पन्नास वर्षांच्या वर गेलं असतं, तेवढी मुदत कुठलीच बँक देत नाही, म्हणून त्याच्या बँकेनं हप्ता वाढवला. त्याला तेव्हा राग आला होता, आणि मला वाटत होतं आपली बँक बरी, आपला हप्ता वाढवत नाही. तो वाढवलेला हप्ता त्याला निदान दिसला तरी.

ब्रँचमध्ये गेले. तिथले साहेब चांगले बोलले, पण पहिलं वाक्य हेच, मॅडम तुमचा हप्ता वाढलेला नाही ना, मग टेन्शन का घेता. मी २२७ दाखवले. मग सांगितलं की सिस्टममध्ये आधी मुदत वाढते, वयाच्या मर्यादेपर्यंत, आणि मुदतीला जागा संपली की मगच हप्ता वाढतो. करारात तसं कलम आहे म्हणाले, आणि आहे, मी घरी येऊन वाचलं, पान ११ वर. पण कलम असणं वेगळं आणि विचारणं वेगळं. रिझर्व्ह बँकेचं १८ ऑगस्ट २०२३ ला परिपत्रक आलं होतं, त्यात स्पष्ट म्हटलं होतं की दर रीसेट होताना कर्जदाराला हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे निवडू द्यायचं, फिक्स्ड रेटवर जायचा पर्याय द्यायचा, आणि दर तिमाहीला स्टेटमेंट द्यायचं ज्यात आतापर्यंत गेलेलं व्याज-मुद्दल, हप्ता आणि उरलेले हप्ते असतील. जुन्या लोनना पण हे २०२३ संपेपर्यंत लागू करायचं होतं. माझ्या दरवाढी त्याच्या आधीच्या. जानेवारी २०२४ ला तिमाही स्टेटमेंटचा ईमेल आलेला सापडला, मी उघडलाच नव्हता, त्यात २३० हप्ते बाकी असं छापलेलं होतं. म्हणजे दोन महिने आधी कळू शकलं असतं.

साहेबांनी तिथंच हिशोब काढून दिला. जुन्याच तारखेला, म्हणजे १५३ हप्त्यांत संपवायचं असेल तर हप्ता २६,५६३. मी विचारलं एप्रिल २०२३ लाच वाढवला असता तर? २६,०४०. एका वर्षाच्या गप्प बसण्याचे महिन्याला पाचशे रुपये जास्त, पुढे पावणेतेरा वर्षं. आणि काहीच केलं नाही तर, दर तसाच राहिला असं धरून, एकूण दहा लाखांच्या आसपास जास्त भरावे लागले असते. एक लाख एकरकमी भरले तर २४ हप्ते कमी होतात हेही दाखवलं, फ्लोटिंग होम लोनला त्याचा दंड नसतो. पण आमच्याकडे तेव्हा हाताशी होती ती एकच एफडी, सासऱ्यांच्या आजारपणासाठी ठेवलेली, ती मोडायची नाही असं ठरलं. तुम्ही भरणार असाल तर अर्जावर मुदत कमी करा असंच लिहा, नाहीतर काही ठिकाणी हप्ता कमी करून देतात आणि मुदत तशीच राहते.

२६,५६३ करायला मी तयार होते पण तिथं एक अडचण आली जी मला कोणी सांगितली नव्हती. माझा पगार दुसऱ्या बँकेत येतो, हप्ता मँडेटनं, म्हणजे खात्यातून पैसे कापायला मी लिहून दिलेल्या परवानगीनं कापला जातो, आणि त्या मँडेटवर कमाल रक्कम २५,००० लिहिलेली. त्याच्या वर न्यायचं तर नवीन मँडेट, त्याला वेळ लागतो, आणि मध्ये एखादा हप्ता बाउन्स झाला तर चार्ज आणि सिबिलला डाग. म्हणून २५,००० वरच थांबले. तेवढ्यानंही २२७ चे १७३ झाले, म्हणजे २,६६९ रुपयांनी ५४ महिने. अर्ज लेखी दिला, पोच घेतली, एप्रिलचा हप्ता २५,००० कापला गेला की नाही ते बघितलं आणि ॲपमधली ती ओळ बदलली की नाही तेही. ओळ बदलायला दहा दिवस गेले, दोनदा फोन करावा लागला. हप्ता वाढला पण मुदत सिस्टममध्ये जुनीच राहिली असं होऊ शकतं, त्यामुळे तो आकडा बदललेला बघेपर्यंत सोडू नका.

मग २०२५ मध्ये दर उतरायला लागले. फेब्रुवारीत रेपो ६.२५, एप्रिलला ६, जूनला ५.५०. माझा दर एप्रिलच्या रीसेटला ९.१५ आणि जुलैला ८.४० झाला. हप्ता २५,००० तसाच आहे, आता तोच नियम माझ्या बाजूनं चालतोय, दर उतरला की मुद्दलाला जास्त जातं आणि मुदत आपोआप आखडते. जुलैच्या रीसेटनंतर ब्रँचमधून फोन आला होता, मॅडम दर कमी झालाय, हप्ता कमी करून देऊ का, मी नाही म्हटलं. शेजारच्या वहिनींनी मात्र हो म्हटलं, त्यांची गरज होती, घरात एकच पगार आहे, त्यांना मी काही बोलले नाही.

चवथीच्या आधी जून अखेरचं तिमाही स्टेटमेंट प्रिंट काढून फाईलला लावलं. बाकी २२,५९,०५६. ८.४० नं उरलेले हप्ते १४४. मूळ तक्त्याप्रमाणे तेव्हा १३८ असायला हवे होते, म्हणजे अजून सहा महिने मागे आहे. हप्ता २२,३३१ वरच ठेवला असता तर तेव्हा १८४ असते, तेही करून बघितलं. आता नवीन मँडेटचा फॉर्म भरून दिलाय, ४०,००० च्या मर्यादेचा, तो मंजूर झाला की हप्ता २५,६०० करायचा आहे, तेवढ्यानं ते सहा महिने भरून निघतात.