स्वतःची गच्ची नसलेल्यांसाठी सोलर : ग्रुप की व्हर्च्युअल नेट मीटरिंग?

ठाण्यात किंवा नवी मुंबईत फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला सोलर लावायचं म्हटलं की पहिली अडचण गच्चीची. गच्ची सोसायटीची असते आणि विजेचं बिल आपल्या नावावर येतं. साधं नेट मीटरिंग, म्हणजे सोलरची उरलेली वीज ग्रिडला देऊन ते युनिट बिलात वजा करून घेण्याची सोय, इथेच अडतं, कारण त्यात संच आणि मीटर दोन्ही एकाच ग्राहक क्रमांकाला जोडलेले असतात. यावर ग्रुप आणि व्हर्च्युअल अशा दोन वाटा आहेत. कुठली वाट कोणाला, हे ठरवताना मी आधी गच्ची पाहत नाही, बिलावरचं नाव पाहतो.

ग्रुप नेट मीटरिंगमध्ये ग्राहक एकच असतो, मीटर अनेक. सोसायटीच्या नावावर ए विंगची लिफ्ट, बी विंगची लिफ्ट आणि पाण्याचा पंप असे तीन मीटर असतील, तर बी विंगच्या गच्चीवरच्या संचाची उरलेली वीज बाकीच्या दोन बिलांत वजा होऊ शकते. व्हर्च्युअलमध्ये संच एक असतो आणि ग्राहक अनेक. संचाला स्वतंत्र जनरेशन मीटर बसतो, त्यावर नोंदलेले युनिट ठरलेल्या टक्केवारीने वाटले जातात आणि प्रत्येक सभासदाच्या घरच्या बिलात वजा होतात. फ्लॅटपर्यंत वेगळी वायर येत नाही. वाटणी होते ती फक्त बिलात.

म्हणजे मेंटेनन्स कमी करायचा असेल तर ग्रुप आणि घरचं बिल कमी करायचं असेल तर व्हर्च्युअल, इतकं हे सरळ दिसतं. पण पैशाच्या हिशोबात मधे दराचे टप्पे येतात आणि चित्र बदलतं.

उदाहरणासाठी कोपरखैरणेतली एक सात मजली सोसायटी धरू. दोन विंग, 28 फ्लॅट. ए विंगच्या गच्चीवर शेजारच्या उंच इमारतीची सावली पडते, त्यामुळे ती बाद. बी विंगच्या गच्चीवर टाक्या, लिफ्टची खोली आणि साफसफाईला लागणारी वाट सोडून 2,000 चौरस फूट जागा उरते. एका किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट लागतात, म्हणजे 20 किलोवॅट बसतील. आपल्याकडे एक किलोवॅट वर्षाला 1,350 युनिटच्या आसपास देतो असं मी धरतो. जुलै-ऑगस्टमध्ये हा आकडा निम्म्यावर येतो, मार्च-एप्रिलमध्ये चढतो.

सोसायटीचा वापर महिन्याला असा : दोन्ही विंगचे मीटर प्रत्येकी 500 युनिट, पंप 400. सोसायटीच्या लिफ्ट-पंपालाही घरगुतीच दर लागतो, आणि तो टप्प्याटप्प्याने चढतो. महावितरणच्या 2024-25 च्या दरपत्रकात पहिल्या 100 युनिटला 4.71 रुपये, 101 ते 300 ला 10.29, 301 ते 500 ला 14.55 आणि त्यापुढे 16.64 रुपये होते. प्रत्येक युनिटवर 1.17 रुपये वहन आकार वेगळा, आणि एकूण रकमेवर 16 टक्के वीज शुल्क. दर पुढे बदलले आहेत, तेव्हा स्वतःचा हिशोब ताज्या बिलावरून करा. मुद्दा टप्प्यांचा आहे आणि तो तसाच राहतो : वाचलेलं युनिट कुठल्या टप्प्यातलं आहे, यावर त्याची किंमत ठरते.

या सोसायटीने 10 किलोवॅटचा संच ग्रुप पद्धतीने लावला, तर महिन्याला सरासरी 1,125 युनिट मिळतील. ग्रुपमध्ये वजावट क्रमाने होते. आधी संच ज्या मीटरला जोडलाय तो, मग आपण दिलेल्या यादीतला पुढचा. बी विंगचे 500 युनिट शून्यावर येतात, मग ए विंगचे, आणि उरलेले 125 पंपाच्या बिलातून जातात. वरच्या दराने ही बचत महिन्याला 13,900 रुपयांच्या घरात जाते, वीज शुल्क धरून 16,000 च्या थोडी वर. ग्रुप नसता, तर बी विंगच्या 500 युनिटपुरताच, म्हणजे साडेचार किलोवॅटचा संच लावून थांबावं लागलं असतं.

खर्च किलोवॅटला 55,000 रुपये धरला, तर साडेपाच लाख. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटला 18,000 रुपये अनुदान आहे, म्हणजे इथे 1 लाख 80 हजार. खिशातून जातात 3 लाख 70 हजार. पावसाळ्याची तूट आणि मार्चअखेर वाया जाणारे युनिट सोडूनही सव्वादोन-अडीच वर्षांत पैसे वसूल व्हायला हवेत. मात्र पॅनल देशी बनावटीच्या सेलचे आणि काम योजनेत नोंदणी झालेल्या कंत्राटदाराचं नसेल, तर अनुदान मिळत नाही. कोटेशनमध्ये हे लिहून घ्या. स्वस्त कोटेशनमध्ये नेमकं हेच गाळलेलं असतं.

आता उरलेले 10 किलोवॅट. ते व्हर्च्युअल पद्धतीने 28 फ्लॅटना सारखे वाटले, तर प्रत्येकाला महिन्याला 40 युनिट येतात. सभेत हे ऐकायला छान वाटतं, वाद नंतर सुरू होतो. ज्यांच्या घरी महिन्याला 90 युनिट जळतात, त्यांचे 40 युनिट सर्वात खालच्या टप्प्यातले, म्हणून त्यांची बचत शुल्कासह 270 रुपयांच्या आसपास. 200 ते 300 युनिट वापरणाऱ्यांना त्याच 40 युनिटचे 530 रुपये वाचतात. दोन एसी चालवून 550 वर जाणाऱ्यांना 800 च्या वर. वर्गणी मात्र सगळ्यांची सारखीच, अनुदान वजा न करता घरटी 19,600 रुपये. मधल्या गटातल्याचे पैसे तीन वर्षांत सुटतात, खालच्या गटातल्याला सहा वर्षं लागतात.

म्हणून माझं मत असं, की व्हर्च्युअलमध्ये सगळ्यांना ओढू नये. 100 युनिटच्या आत राहणाऱ्या घराने यात पैसे घालण्यात फारसा अर्थ नाही. बंद फ्लॅट असेल तर अजिबात नाही. दहा-बारा घरं पुढे आली, त्यांनी आपापल्या वापराप्रमाणे वाटा उचलला आणि तेवढ्याच क्षमतेचा संच लावला, तर हिशोब स्वच्छ राहतो. गच्ची सगळ्यांची आहे, तेव्हा त्या घरांनी सोसायटीला जागेचं भाडं म्हणून थोडी रक्कम द्यावी, हेही ठरावात यावं. नाहीतर पहिल्या पावसात वरच्या मजल्यावर गळती झाली, की वॉटरप्रूफिंगचा खर्च कोणाचा यावर वर्षभर पत्रव्यवहार चालतो.

वाटा ठरवताना 31 मार्च ही तारीख लक्षात ठेवा. न वापरलेले युनिट पुढच्या महिन्यात जातात, पण आर्थिक वर्ष संपलं की शिल्लक युनिट कंपनी विकत घेते, आणि तो दर आपण भरतो त्या दरापेक्षा बराच खाली असतो. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी एसी बंद असतात, ऊन मात्र चांगलं पडतं. त्यामुळे शिल्लक साठते ती याच काळात, आणि उन्हाळ्याचं मोठं बिल यायच्या आत हिशोब बंद होतो. वाटा मे महिन्याच्या बिलावर बेतला, तर ही शिल्लक स्वस्तात जाते. माझ्या मते वाटा डिसेंबर-जानेवारीच्या वापराइतका घ्यावा, त्याहून जास्त नको.

भाडेकरूचा प्रश्न थोडक्यात : पैसे मालक घालतो, बिल भाडेकरू भरतो आणि वजावट बिलात होते. मालकाने भाडं त्या हिशोबाने ठरवावं, नाहीतर यात पडू नये. फ्लॅट विकताना वाट्याचं काय करायचं, हे करारात आधीच लिहा. वाटा ग्राहक क्रमांकाला चिकटलेला असतो, माणसाला नाही.

सोसायटीची गच्चीच अपुरी असेल, तर दुसऱ्या जागेचा विचार येतो. घोडबंदर रोडवरच्या तीस मजली टॉवरमध्ये घरं खूप आणि गच्ची एवढीशी. तिथे ती सामायिक मीटरना पुरली तरी खूप झालं, घरांना वाटायला काही उरत नाही. संच दुसरीकडे लावायचा, तर संच आणि फ्लॅट एकाच वितरण परवानाधारकाच्या हद्दीत हवेत. ठाणे, नवी मुंबई, कर्जत, शहापूर हे महावितरणचं क्षेत्र. दादरला बेस्टची वीज आहे, तेव्हा दादरच्या गच्चीवरची वीज वाशीच्या बिलात येणार नाही. कळवा, मुंब्रा, दिवा इथे परवाना महावितरणचाच, पण कारभार 2020 पासून टोरंट पॉवर पाहते, त्यामुळे तिथल्या लोकांना पत्रव्यवहाराची सुरुवात टोरंटपासून करावी लागते.

केंद्राच्या सूर्यघर योजनेच्या 2024 मधल्या मार्गदर्शक सूचनांत ग्रुप आणि व्हर्च्युअल या दोन्ही पद्धतींचे संच अनुदानाला पात्र धरले आहेत. पण मीटरिंगचे नियम प्रत्येक राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो. दिल्लीने या दोन्ही पद्धतींची मार्गदर्शक तत्त्वं 2019 मध्येच काढली. आपल्याकडे कंत्राटदाराच्या शब्दावर पैसे देण्याआधी वीज कंपनीच्या आपल्या उपविभाग कार्यालयाकडून तीन गोष्टींचं लेखी उत्तर घ्या : या पद्धतीचा अर्ज आज स्वीकारला जातो का, वाट्याची टक्केवारी वर्षात किती वेळा बदलता येते, आणि वजावट फक्त वीज आकारात होते की वहन आकारातही. तिसऱ्या उत्तराने युनिटमागे सव्वा रुपयाचा फरक पडतो. स्थिर आकार दोन्ही पद्धतींत भरावाच लागतो, तेव्हा शून्य बिलाची जाहिरात मनावर घेऊ नका. आपल्या ट्रान्सफॉर्मरवर आधीच किती सोलर जोडलंय, हेही त्याच पत्रात विचारा. तिथली मर्यादा भरली असेल, तर अर्ज अडकतो.

संच सुरू झाल्यावर ग्रुपची तपासणी सोपी आहे. तीन बिलं समोर ठेवली, की क्रम बरोबर लागला का ते दिसतं. व्हर्च्युअलमध्ये मात्र एकाने चिकाटीने वही ठेवावी लागते. दर महिन्याला जनरेशन मीटरचं रीडिंग लिहायचं आणि सगळ्या सहभागी घरांच्या बिलांत जमा झालेल्या युनिटची बेरीज करायची. रीडिंगच्या तारखा पुढेमागे झाल्या, तर एका महिन्याचा फरक पुढच्या महिन्यात भरून निघतो. सलग दोन-तीन महिने बेरीज कमी येत असेल, तर एखाद्या घराचा ग्राहक क्रमांक यादीत चुकलाय किंवा टक्केवारीची बेरीज 100 होत नाही, हे आधी पाहा. इन्व्हर्टरच्या अ‍ॅपवरचा आकडा मीटरपेक्षा थोडा वेगळा असतो. तक्रार करताना मीटरचाच फोटो जोडा, अ‍ॅपचा नको.

वरच्या सोसायटीला मी सांगेन, की या वर्षी सामायिक मीटरसाठी 10 किलोवॅट ग्रुप पद्धतीने लावा आणि बाकीच्या 1,000 चौरस फुटांवर अजून काही बांधू नका. व्हर्च्युअलचा अर्ज त्या जागेसाठी स्वतंत्र संच म्हणून, वेगळ्या इन्व्हर्टरसह आणि वेगळ्या मीटरसह करता येईल. तोवर इच्छुक घरांनी बारा महिन्यांची बिलं सचिवांकडे जमा करावीत.