लाभांश की युनिट विक्री?

लाभांश म्हणजे मुद्दलाला हात न लावता मिळणारं उत्पन्न, असं बरेच जण धरून चालतात. ते अर्धसत्य आहे. समजा, 100 भावाचे 10,000 शेअर आहेत आणि कंपनीने शेअरमागे 4 लाभांश दिला. हातात 40,000 आले, पण लाभांशाची पात्रता संपते त्या दिवशी भाव साधारण तेवढाच उतरून 96 वर येतो. उरले 9,60,000. आता लाभांश न वाटणाऱ्या ग्रोथ फंडाच्या 100 भावाच्या 10,000 युनिटमधून 400 विका. हातात 40,000 आणि उरले तेवढेच 9,60,000!

फरक करात पडतो. बहुतेक ठिकाणी लाभांश पूर्ण 40,000 उत्पन्न धरला जातो. युनिट 80 ला घेतली असतील तर नफा फक्त 8,000, कर तेवढ्यावरच.

फंडाची दुखरी बाजू मंदीत दिसते. भाव 50 झाला की त्याच 40,000 साठी 800 युनिट जातात आणि बाजार सावरला तरी ती परत येत नाहीत. म्हणून दोन वर्षांचा खर्च वेगळा, सुरक्षित ठेवायचा आणि पडत्या काळात त्यातून काढायचं.

लाभांश तरी पक्का कुठे? कंपनी तो कधीही कापू शकते. भाव निम्मा झाला की भावाच्या 4 टक्के असलेला लाभांश कागदावर 8 टक्के दिसतो. लोक नेमके तिथेच फसतात. नफ्यापेक्षा जास्त वाटप होतंय का, ते आधी पाहावं.

दरमहा ठरावीक रक्कम हवी असेल तर मी युनिट विक्रीच निवडेन. विकायला हातच धजत नसेल, तर मात्र लाभांश बरा.