प्रोफाईलवरचं चुकीचं नाव शेवटी दुरुस्त झालं: परदेशी बँकिंग ॲप, काही महिन्यांचा अनुभव

पुण्यात बसून जर्मन क्लायंटचं डिझाईनचं काम करते, म्हणून युरोपातल्या एका बँकेच्या ॲपवर युरो खातं उघडलं. ॲप तसं छान आहे, पैसे पटकन येतात, पण प्रोफाईलवर माझं नाव Dynaneshwari! पासपोर्टवर स्वच्छ Dnyaneshwari आहे, पण व्हेरिफिकेशनच्या वेळी कुणीतरी n आणि y ची अदलाबदल केली. आपल्याकडे ज्ञ साठी Dny लिहितात हे तिकडच्या माणसाला कुठून माहीत असणार.

आधी वाटलं राहू दे. पण ऑक्टोबर 2025 पासून युरो झोनमध्ये पैसे पाठवण्याआधी बँक नाव आणि खातं जुळतंय का ते तपासते, आणि क्लायंटने माझ्या इनव्हॉइसवरचं नाव टाकलं तर त्याला वॉर्निंग आली, वर बँकेकडचं चुकीचं स्पेलिंगही दिसलं. त्याने लगेच विचारलं, खातं नक्की तुझंच ना? फार वाईट वाटलं हो.

सपोर्टला चॅटवर सांगितलं तर म्हणाले सेटिंगमध्ये नाव बदला. बदललं, प्रोफाईलवर बरोबर दिसायला लागलं, पण स्टेटमेंटची पीडीएफ उघडली तर तिथे जुनंच. म्हणजे ते फक्त दाखवायचं नाव होतं, खात्याचं कायदेशीर नाव वेगळीकडे असतं. तुमचं पण असं असेल तर आधी स्टेटमेंट उघडून बघा, प्रोफाईलवर विश्वास ठेवू नका.

परत विचारलं तर मॅरेज सर्टिफिकेट मागितलं! त्यांना वाटलं लग्नानंतर नाव बदलायचंय. मग रजिस्टर्ड ईमेलवरून रीतसर अर्ज केला आणि पहिल्याच ओळीत लिहिलं की मला नाव बदलायचं नाहीये, तुमच्या नोंदीतली चूक दुरुस्त करायची आहे. खाली तुमच्याकडे काय आहे आणि पासपोर्टवर काय आहे ते एकाखाली एक लिहिलं, आणि पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाला मशीनने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात त्यातल्या पहिलीतला नावाचा तुकडा जसाच्या तसा टाकला:

```
KULKARNI<<DNYANESHWARI<ANIL
```

दोन << च्या आधी आडनाव, नंतर स्वतःचं आणि वडिलांचं नाव. यामुळे वडिलांचं नाव कुठे बसतं हा त्यांचा गोंधळही मिटला. स्कॅन फक्त त्या पानाचा दिला, पत्ता असलेलं शेवटचं पान स्पेलिंगसाठी लागत नाही, मग कशाला द्यायचं.

शेवटी जीडीपीआर या युरोपच्या डेटा संरक्षण कायद्याच्या कलम 16 चा उल्लेख केला, त्यात चुकीची माहिती दुरुस्त करून मागायचा हक्क आहे, आणि कंपनी युरोपातली असेल तर आपण भारतीय असलो तरी तो लागू होतो. उत्तर साधारण महिन्याभरात द्यावं लागतं, गुंतागुंतीचं प्रकरण असेल तर आणखी दोन महिने घेऊ शकतात पण तसं कळवावं लागतं. या ईमेलनंतर मात्र खरंच कुणीतरी नीट वाचलं आणि नाव दुरुस्त झालं, क्लायंटची वॉर्निंगही गेली.

जुनी स्टेटमेंट मात्र चुकीच्याच नावाने राहिली. म्हणून दोन्ही स्पेलिंग एकाच खातेदाराची आहेत असं पत्र मागून घेतलं, ते आता सीएकडे दिलंय. तुम्ही अर्ज कराल तेव्हाच हे पत्र मागा, म्हणजे नंतर परत पहिल्यापासून सगळं समजावत बसावं लागणार नाही.