मोराच्या जागी कमळ

थोरलीच्या लग्नाची पत्रिका आम्ही २०१७ साली छापली होती. पाच बाय सात इंचाचा हस्तिदंती कागद, वर-खाली सोनेरी फॉइलची वेलपट्टी, आणि प्रत्येक पट्टीत वेलीवर चोचीसमोर चोच करून बसलेले मोर, तीन जोड्या. ज्या प्रेसनं ती केली ती करोनाच्या काळात बंद झाली आणि मूळ फाइलही तिच्याबरोबर गेली. आमच्याकडे ट्रंकेत एक छापील प्रत उरली होती आणि फोनमध्ये नातेवाइकांच्या ग्रुपवरून फिरत आलेलं तिचं चित्र.

यंदा धाकटीचं ठरलं. ती म्हणाली, "आई, पत्रिका ताईचीच हवी. फक्त मोर काढ आणि कमळं घाल. माझ्या पैठणीच्या पदराला कमळं आहेत ना." मलाही वाटलं, एवढंच तर करायचंय. एक चित्र उचलायचं, दुसरं ठेवायचं. मी फसले ती या 'एवढंच'मुळे, म्हणून सगळं सविस्तर सांगते.

इन्स्टाग्रामवर एक मुलगा सापडला. नाव लिहीत नाही. त्याच्या पानावर पत्रिकांचे देखणे फोटो होते: संगमरवरी टेबल, बाजूला मोगरा, तिरकी ठेवलेली पत्रिका. मी फोनमधलं चित्र पाठवलं. दहा मिनिटांत उत्तर आलं, "होऊन जाईल काकू. मोर काढून कमळ हातानं ड्रॉ करतो, सेम स्टाइल, सेम गॅप. प्रिंट-रेडी फाइल देतो." साडेतीन हजार सांगितले, त्यातले दीड हजार आधी. मी लगेच पाठवले.

त्यानं मला एकही प्रश्न विचारला नाही, ही गोष्ट तेव्हा माझ्या लक्षातच आली नाही. छापील प्रत आहे का, फॉइल करणार की साधी छपाई, कमळ उमललेलं हवं की कळी, काही नाही. उलट मला बरं वाटलं, मुलाला काम कळतंय म्हणून.

तिसऱ्या दिवशी त्यानं नमुना पाठवला, तोच टेबल-मोगऱ्याचा तिरका फोटो, मधे आमची पत्रिका. फोनवर सुरेख दिसत होती. हे म्हणाले, "छान झालंय, देऊन टाक." उरलेले दोन हजार गेले आणि त्या बदल्यात एक `.pdf` आली. आमच्या घरात पीडीएफ म्हणजे पक्की फाइल असा समज होता.

ती घेऊन मी अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका जुन्या प्रेसमध्ये गेले. काकांनी फाइल संगणकावर उघडली, पट्टीवर झूम करत नेलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. कमळाच्या कडांना पायऱ्या-पायऱ्या दिसत होत्या. "ताई, ही पीडीएफ नुसती पिशवी आहे. आत जेपीजीच भरलाय. खरी रेष असती तर कितीही मोठी केली तरी कड गुळगुळीत राहिली असती."

मग त्यांनी हिशेब मांडला. ग्रुपवरून फिरलेल्या चित्राची उंची १६०० पिक्सेल होती. सात इंचांवर ते पसरले की इंचाला साधारण २२८ पडतात. एरवीच्या फोटोला ३०० लागतात, पण एकरंगी बारीक रेषा चित्र म्हणून द्यायची तर इंचाला १२०० च्या आसपास हवेत. एक मोर छपाईत १२ मिलिमीटर रुंद, म्हणजे आमच्या चित्रात त्याच्या वाट्याला शंभर-एकशेदहा पिक्सेल. फॉइलसाठी धातूचा ब्लॉक कोरावा लागतो आणि त्याला शुद्ध काळी रेष लागते, काळ्या-करड्याची धूसर कड चालत नाही. "यावरनं ब्लॉक काढला तर वेल कुरतडल्यासारखी येईल," ते म्हणाले.

पण हे झालं फाइलचं. खरी गंमत पुढे होती. काकांच्या मागे एक मुलगी कोरलड्रॉ या चित्रं काढायच्या प्रोग्रॅमवर काम करत बसली होती. ती उठून आली, चित्राचा कॉन्ट्रास्ट खूप वाढवला आणि गप्पच राहिली. वरच्या पट्टीत प्रत्येक कमळाभोवती एक चौकोनी ठिगळ उमटलं, कागदाच्या रंगापेक्षा किंचित पिवळं. मोर खोडून त्यावर रंगाचा बोळा फिरवला होता. आणि डावीकडून तिसऱ्या कमळाच्या पानाआडून तीन ठिपके डोकावत होते. मोराचा तुरा! तो पुसायचा राहूनच गेला होता.

'हातानं काढलेलं' कमळ कुठूनतरी उचललेलं मोठं चित्र होतं, दाबून लहान केलेलं. हे कशावरून, ते तिनं मापपट्टी लावून दाखवलं. आमच्या वेलीची रेष ०.४ मिलिमीटर होती, कमळाची ०.१५. मोठं चित्र लहान केलं की त्याच्या रेषाही तेवढ्याच बारीक होतात. शिवाय उंची बसेना म्हणून त्यानं ते एकाच बाजूनं दाबलं होतं, त्यामुळे एकाच पाकळीची आडवी रेष बारीक आणि उभी जाड. काकांकडे फॉइलला ०.३ च्या आतली रेष घेतच नाहीत, ती धरत नाही. मोराचे पाय वेलीवर टेकलेले होते. कमळाचा देठ मात्र वेलीच्या जरा वर, हवेत थांबला होता.

आणि अंतर? "सेम गॅप" तर त्यानं शब्दशः पाळला होता. जिथे मोराचा मध्य, तिथेच कमळाचा मध्य. तरीही पट्टी विचित्र दिसत होती, आणि का ते मला सांगता येत नव्हतं. ते त्या मुलीनं सांगितलं, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली शिकण्यासारखी गोष्ट तीच.

मोराला तोंड असतं, पाठ असते. आमच्या पट्टीत चोचींमधलं अंतर ३ मिलिमीटर होतं आणि दोन जोड्यांच्या पाठींमधलं ९. तरी डोळ्याला खटकत नव्हतं, कारण ते एकमेकांकडे बघतायत हे दिसत होतं. जवळ येण्याला कारण होतं. उमललेल्या कमळाला डावं-उजवं नसतं. ते त्याच जागी ठेवलं की दोन जवळ, मग मोठी फट, पुन्हा दोन जवळ, असं होतं. छापताना सरकलंय की काय असं वाटतं. दुसरं म्हणजे मोराचा पिसारा बारीक रेघांनी भरलेला, म्हणून दुरून गडद ठिपका वाटायचा. कमळाच्या पाकळ्या कोऱ्या, त्यामुळे जिथे डाग हवा तिथे भोक दिसत होतं. मापपट्टीवरचं अंतर जुळलं, डोळ्यातलं मोडलं.

घरी येऊन मी त्या मुलाला फोन केला. तो अजिबात गडबडला नाही. "काकू, तुम्हाला एडिट करता येईल अशी ओपन फाइल हवी होती का? आधी बोलायचं ना. तिचे दोन हजार वेगळे." पत्रिका द्यायला जेमतेम महिना उरला होता. आणि हा माझा दुसरा मूर्खपणा, मी पैसे पाठवले. ह्यांना न सांगता.

संध्याकाळी कोरलड्रॉची `.cdr` फाइल आली. दुसऱ्या दिवशी प्रेसमध्ये त्या मुलीनं कोरलमध्ये `View` मधून `Wireframe` केलं. या वेळी चित्राऐवजी रेषांचं जाळं दिसलं, मला हायसं वाटलं. ती हसली. शेप टूलनं तिनं एक पाकळी धरली, तर नोडची, म्हणजे रेषेला आकार देणाऱ्या बिंदूंची, नुसती मुंग्यांची रांग. हातानं काढलेल्या पाकळीला चार-सहा नोड पुरतात, इथे दोनशेच्या वर होते. तोच खराब जेपीजी त्यानं ऑटो ट्रेसला टाकला होता, आणि संगणकानं पायऱ्यांसकट सगळं इमानेइतबारे गिरवलं होतं. पक्का पुरावा पुढे मिळाला: वरच्या पट्टीतल्या सहाही कमळांचे नोड वेगवेगळे भरले. एकदा काढून पाच वेळा कॉपी केलेल्या आकाराचे नोड वेगळे कसे येतील? तुऱ्याचे तीन ठिपकेही आता रीतसर रेषेत काढलेले होते.

त्यानंतर त्याचा फोन लागला नाही. साडेपाच हजार गेले. यूपीआयनं आपण होऊन पाठवलेले पैसे बँकेला सांगून मागे फिरत नाहीत, हे तेव्हा कळलं.

पत्रिका अखेर त्या मुलीनंच केली, दोन दिवसांत, अठ्ठावीसशे रुपयांत. तिचा पहिला प्रश्न होता, "जुनी छापील प्रत आहे का?" फॉइल स्कॅनरखाली चमकत नाही, काळपट येते, पण इथे तेच कामाचं होतं. तो स्कॅन तिनं खऱ्या मापात खाली ठेवला, फिका केला, लॉक केला आणि वर वेल नव्यानं काढली, तीही अर्धीच. उरलेली अर्धी आरशातल्यासारखी उलटवून घेतली. कमळ एकच काढलं, सुरुवातीपासून १२ मिलिमीटरच्याच मापात आणि ०.४ च्याच रेषेनं, म्हणजे लहान-मोठं करायची वेळच आली नाही. देठ वेलीतून फुटलेला. प्रत्येक पाकळीत तीन शिरा घातल्या, पिसाऱ्याइतका गडदपणा यावा म्हणून.

तोंड-पाठीचं कोडं तिनं फार छान सोडवलं. कमळ थोडं आत झुकवलं आणि मोराची शेपटी जिथे जायची तिथे मागे एक कळी सोडली. आता कमळालाही दिशा आली. दोन कमळं एकमेकांकडे झुकलेली, कळ्या पाठीला, मधलं अंतर पुन्हा ३ आणि ९. प्रिंट काढून तिनं भिंतीला लावली, मला दाराशी उभं केलं आणि डोळे किलकिले करायला सांगितले. जुनी पत्रिका शेजारी होती. सहा गडद ठिपके इथे, सहा तिथे, सारख्याच तालात.

पैसे देण्याआधी मी काय बघायला हवं होतं, हेही तिलाच विचारलं. ती म्हणाली, "तिरका फोटो घेऊच नका, काकू. सरळ, खऱ्या मापातली पट्टी मागा आणि एका जोडीचा क्लोजअप. कमळाची रेष शेजारच्या वेलीशी ताडून बघा. आणि उरलेले पैसे फाइल प्रेसमध्ये उघडल्यावर."

साडेचारशे प्रती छापल्या. पहिली कसबा गणपतीपुढे ठेवली.

परवा धाकटीनं तिच्या फोनवर त्या मुलाचं पान दाखवलं. संगमरवरी टेबल, मोगरा आणि आमची पत्रिका, खाली 'नवीन काम' असं लिहिलेलं. बोटांनी मोठं केलं की तिसऱ्या कमळामागे तुरा अजून दिसतो.