खाली दुकान, वर घर: चौदा महिने जिना चढून झाल्यावर

अक्षय तृतीयेला आम्ही नव्या घरात राहायला आलो, त्याला आता चौदा महिने झाले. दोन उन्हाळे आणि एक पूर्ण पावसाळा या घरात काढला. बार्शीतल्या एका पेठेतलं आमचं किराणा दुकान, त्याच्या वर घर. जागा जुनीच. पूर्वी माळवदाचं घर होतं, दुकानाला लाकडी फळ्या, आणि मागच्या कोपऱ्यातून माडीवर जाणारा शिडीसारखा उभा जिना. पाहुणा आला की तो गिऱ्हाइकांमधून वाट काढत, साखरेच्या पोत्याला वळसा घालून वर जायचा. माझ्या लग्नात माप ओलांडायची वेळ आली तेव्हा मी तेलाच्या डब्यांच्या रांगेतूनच आत आले.

जागा अठरा फूट रुंद आणि बावन्न फूट खोल, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. अशा जागेत खिडकी फक्त पुढे आणि मागे. नकाशा काढताना आम्ही महिनाभर टाइल्स, किचन ओटा, शटरचा रंग यावर भांडलो. खरं भांडायला हवं होतं जिन्यावर. तो एकदा बसला की बाकी सगळं त्याच्या मागे फरफटत जातं, हे मला राहायला आल्यावर कळलं.

आम्ही जिना रस्त्याकडून, एका बाजूच्या भिंतीला लागून, सरळ घेतला. भिंती सोडून आत साडेसोळा फूट मिळतात. त्यातले तीन फूट जिन्याला, सहा इंच मधल्या भिंतीला आणि उरलेले तेरा फूट दुकानाला. मामंजींना हे तीन फूट फार लागले. पेठेत रस्त्याकडचा एकेक फूट म्हणजे सोनं, आणि तो आपण पायऱ्यांना द्यायचा? ते दोन महिने धुसफुसत होते. पण मधल्या भिंतीला दुकानाच्या बाजूने वीस फूट लांब मांडणी मिळाली, जी जुन्या दुकानात नव्हती. डाळींचे सगळे डबे आता एका रेषेत आहेत. परवा ते स्वतः एका व्यापाऱ्याला ती मांडणी दाखवत होते, तीन फुटांचं नाव न काढता.

जिना वेगळा घेण्याचं खरं कारण दुसरंच होतं. आमचा नकाशा चालू असतानाच, 3 एप्रिल 2024 च्या पहाटे, छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात खाली कपड्यांचं दुकान आणि वर राहती जागा असलेल्या इमारतीत आग लागली. वर राहणाऱ्या एका कुटुंबातले सात जण धुरात गुदमरून गेले. त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्टच्या शेवटी, पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीत हार्डवेअरच्या दुकानाला आग लागून आत झोपलेलं चौघांचं कुटुंब गेलं होतं. बातमी वाचली त्या रात्री आमच्या ह्यांनी जुन्या माडीवर झोपलेल्या मुलांकडे पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी नकाशातला दुकानातून जाणारा जिना खोडून आले.

तरी चूक झालीच. जिन्याच्या पायथ्याशी, गल्ल्याच्या मागे, दुकानात उघडणारं एक आतलं दार ठेवलं. ते लागतंच. दुपारी गिऱ्हाईक नसताना कोण रस्त्यावरून फिरून घरात जाणार? पण आम्ही तिथे बसवलं तिरप्या पट्ट्यांचं, मधे फटी असलेलं दार, हवा खेळती राहावी म्हणून. यंदा मार्चमध्ये चटणीच्या मिरच्यांचा सीझन सुरू झाला. ब्याडगीची पोती आली, आणि वर स्वयंपाकघरात सगळ्यांना ठसका. खाली दुकानात बसलेल्या मामंजींना काही नाही, आणि वर आत्यांना शिंका थांबेनात. (आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात.) गच्चीचं दार उन्हाळ्यात उघडंच असतं. जिन्यातली हवा तापते, वर निघून जाते आणि तिच्या जागी दुकानातली हवा ओढली जाते. जिना नव्हे, धुराडंच. उदबत्ती पेटवून दाराच्या फटीशी धरली, तर धूर सरळ आत जिन्याकडे वळला. तेव्हा डोक्यात आलं, मिरची जशी वर येते तसाच धूरही येणार. वेगळ्या जिन्याचा अर्धा उपयोग आम्ही त्या फटींनीच घालवला होता.

दार बदललं. भरीव लाकडी दार, खाली रबराची पट्टी आणि वर आपोआप लावून घेणारा क्लोजर. क्लोजर नसेल तर दार लावायचं राहतंच, आमच्या घरात तरी. मुलं आधी त्याला वीट लावून ठेवायची. दोनदा ओरडले, मग वीटच गच्चीवर नेऊन ठेवली. आगीत बाहेर पडायला वाट असावी म्हणून गच्चीच्या दाराला कुलूप नाही, फक्त आतून कडी. पुढच्या बाल्कनीच्या ग्रिलमध्ये उघडणारी झडप करून घेतली.

याच नादात दुसरी गोष्ट सापडली. जिन्याखालची जागा वाया जाऊ नये म्हणून वरच्या टप्प्याखाली दुकानाच्या बाजूने भिंत उघडी ठेवली होती आणि तिथे पंधरा किलोचे तेलाचे डबे रचले होते. म्हणजे सुटकेच्या वाटेखालीच तेल! आता तेल मागच्या गोदामात गेलंय आणि जिन्याखाली मिठाची पोती आहेत. मीठ जळत नाही, पण भिंत खातं. म्हणून खाली लाकडी फळकूट टाकलंय आणि भिंतीपासून वीतभर जागा सोडलीय.

आता पायऱ्या. दुकानाला माळा हवा म्हणून मामंजींनी उंची वाढवायला लावली. इंजिनिअरने दहा फूट सुचवले होते, आम्ही जमिनीपासून वरच्या जमिनीपर्यंत बारा घेतले. माळा झाला, दिवाळीचा माल त्यावर बसतो. पण दहा फुटांना अठरा पायऱ्या झाल्या असत्या, बाराला एकवीस लागल्या. आत्या सुरुवातीला दिवसात सहा वेळा तरी वर-खाली करायच्या, म्हणजे सव्वाशे पायऱ्यांची चढण. गुडघे बोलायला लागल्यावर त्या आता दिवसातून एकदाच खाली येतात आणि बाकी वेळ वरच असतात. उंची पुन्हा ठरवायची झाली तर मी अकराच्या वर जाणार नाही. मधे तीन फुटांची थांबायची जागा दिली, तेवढं मात्र बरं केलं. भरलेली बादली टेकवायला तीच लागते.

शेवटच्या पायरीची गंमत तर खासच. सगळ्या पायऱ्या जवळजवळ सात इंचांच्या आणि अगदी वरची साडेआठ. गवंड्याने काँक्रीटमध्ये सगळ्या सारख्याच घेतल्या होत्या. नंतर पायऱ्यांवर ग्रॅनाइटचा थर बसला सव्वा इंच, आणि वरच्या मजल्यावर भर आणि टाइल मिळून तीन इंच. मधला फरक त्या एका पायरीवर पडला. पहिल्या आठवड्यात तीन जण तिथेच अडखळले, एक ताट फुटलं. पाय मोजत नाही, सवयीने उचलला जातो, म्हणून एक वेगळी पायरी दहा उंच पायऱ्यांपेक्षा वाईट. आता तिच्या कडेला पिवळी पट्टी मारलीय. बांधणाऱ्यांनी वरची फरशी किती जाड येणार हे जिना ओतायच्या आधीच गवंड्याला सांगावं, म्हणजे तेवढा उंचवटा तो आधीच सगळ्या पायऱ्यांत वाटून टाकतो.

पाण्याचं थोडक्यात सांगते, कारण त्यावर अजून जीव जळतो. वरची मोरी आणि संडास आम्ही गोदामाच्या डोक्यावर घेतला. मागची उघडी जागा दहा फूट आहे, तिच्यावर सज्जा काढून तिथे घ्यायला हवा होता. पाचव्या महिन्यात गोदामाच्या छताला पांढरा खार फुटला, मग रंगाला फुगे आले, आणि एका सकाळी साखरेचं पन्नास किलोचं पोतं एका बाजूने दगड झालेलं. गळती नळाच्या पाइपची की सांडपाण्याची, हे ओळखायला प्लंबरने सोपी युक्ती सांगितली. दिवसभर मोरी वापरायची नाही, पण नळाच्या लाइनला पाणी चालू ठेवायचं. ओल वाढत राहिली तर दोष नळाच्या पाइपचा, थांबली तर सांडपाण्याचा. आमची थांबली. मोरीतल्या जाळीच्या ट्रॅपभोवतीचा सांधा नीट भरलेला नव्हता. टाइल्स फोडून पुन्हा केलं. टाइल्स बसवायच्या आधी मोरीत पाणी तुंबवून दोन दिवस ठेवतात आणि खालून बघतात. आमच्याकडे एक रात्रच ठेवलं होतं, कारण दुसऱ्या दिवशी टाइलवाला यायचा होता.

शटरबद्दल एकच. आमची झोपायची खोली मागे आहे, म्हणून सहाला शटर उघडलं तरी कळत नाही. पुढचा हॉल शटरच्या बरोबर वर आहे, आणि तिथे झोपणारा पाहुणा सकाळी दचकून उठतोच. वीज मीटर दोन घेतले, घराचा आणि दुकानाचा वेगळा. दुकानाचा दर जास्त म्हणून फ्रीज घराच्या मीटरवर टाकायचा मोह होतो, पण तो अनधिकृत वापर ठरतो आणि दंडाचं बिल येतं, त्या भानगडीत पडू नका.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट नकाशात नव्हतीच. स्लॅब टाकायच्या आदल्या दिवशी आत्यांनी गवंड्याला गल्ल्याच्या बरोबर वर एक फुटाचं चौकोनी भोक ठेवायला लावलं. सळया बांधून झाल्या होत्या. तो कुरकुरला, पण लाकडी पेटी बसवली आणि भोकाच्या चारी बाजूंनी जादा सळ्या दिल्या. ओतून झाल्यावर स्लॅब फोडून हे करू नये, सळ्या तुटतात. वर स्वयंपाकघरात आता त्याला लोखंडी झाकण आणि दोरीला बांधलेली पितळी डब्याची टोपली. चहा खाली जातो, संध्याकाळी गल्ल्यातले पैसे वर येतात, आणि आत्यांच्या पायऱ्या वाचतात. मिरच्यांच्या महिन्यात झाकण बंद. रात्री तर बंदच, कारण तेही शेवटी एक धुराचं भोकच आहे, त्यासाठी मी झाकणाखाली रबर लावून घेतलंय.

टोपलीला घंटा होती, ती मामंजींनी काढली. गिऱ्हाईक बसलेलं असताना वरून घंटा वाजली की लोक देवळात आल्यासारखे वर बघतात म्हणे. आता आत्या झाकणावर उलथनं आपटतात, आणि खालून उत्तर येतं, "साखर कमी!"